निवृत्ती त्यांची, बीपी तिचं

नवरा नोकरीतून निवृत्त झाला की त्याची संपूर्ण तपासणी होते. शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, मुलं आग्रहाने सगळं करून घेतात. रिपोर्ट चांगले आले की घरातले सगळे निश्चिंत होतात. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी दवाखान्यात येते ती त्याची बायको. झोप लागत नाही, डोकं जड असतं, छातीत धडधडतं, इतकी वर्षं नीट असलेलं बीपी अचानक वाढलंय, अशा तिच्या तक्रारी असतात. "काही नवीन घडलंय का घरात?" असं विचारलं की उत्तर येतं, "छे हो डॉक्टर, सगळं छान चाललंय. हे आता घरीच असतात."

या शेवटच्या वाक्यात बरंच काही दडलेलं असतं, असं माझं मत आहे. निवृत्तीनंतर नवरा-बायकोत होणारी कुरबुर आपण स्वभावावर ढकलतो. "यांचा स्वभावच तसा", "हिला काही सांगायची सोय नाही", असं म्हणून विषय संपतो. मला मात्र बहुतेक घरांत स्वभावाच्या आधी बिघडलेलं वेळापत्रक दिसतं. ते बिघडलं की जेवणाची, गोळ्यांची, झोपेची आणि चालण्याची वेळ बिघडते आणि मग रिपोर्टमधले आकडे बिघडतात. अशा वेळी आणखी एक गोळी वाढवण्याआधी दिवसाचं वेळापत्रक कागदावर मांडून पाहायला हवं.

या त्रासाकडे बाहेरच्या डॉक्टरांचंही लक्ष गेलेलं आहे. जपानमध्ये डॉ. नोबुओ कुरोकावा यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला असं मांडलं, की नवरा निवृत्त होऊन घरी बसल्यावर अनेक बायकांना झोप न लागणं, उदासपणा, अंगावर पुरळ येणं, पोट बिघडणं असे त्रास होतात. इंग्रजीत त्याला 'रिटायर्ड हजबंड सिंड्रोम' असं म्हणतात. हे अधिकृत निदान नाही, डॉक्टरांच्या आजारांच्या यादीत ते सापडणार नाही. मला ते नावही पटत नाही, कारण त्यातून नवरा हाच आजार आहे असा अर्थ निघतो. पण त्यामागचं निरीक्षण आपल्या घरांनाही लागू पडतं.

एका घराचं वेळापत्रक

एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील थोडे बदलले आहेत.

कल्याण-डोंबिवली पट्ट्यातलं वन बीएचके घर. गृहस्थ सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. पस्तीस वर्षं सकाळी ७.४० ला घर सोडून लोकल पकडायची आणि संध्याकाळी पावणेआठला परत यायचं, असा त्यांचा शिरस्ता. बाई ५५ वर्षांच्या, गृहिणी. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आणि पाच वर्षांपासून बीपी. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला. मधुमेहासाठी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन औषधांची एकत्र गोळी घेत, शिवाय बीपीची एक गोळी. दोन्ही आजार वर्षानुवर्षं आटोक्यात होते.

नवरा निवृत्त झाल्यावर पाच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा बीपी होतं १५६/९४. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ७.२ वरून ७.९ वर गेला होता. त्यांची आणखी एक तक्रार होती. सकाळी दहाच्या सुमारास हातपाय थरथरतात, घाम फुटतो आणि "त्याच वेळी नेमकं आमचं भांडण होतं."

मी त्यांना निवृत्तीआधीचा दिवस आणि आत्ताचा दिवस वेळेसकट सांगायला सांगितला.

आधीचा दिवस असा होता. साडेपाचला उठायचं, चहा आणि डबा करायचा. ७.४० ला नवरा बाहेर पडला की आठ वाजता मोबाइलच्या गजरावर गोळी घ्यायची आणि लगेच सव्वाआठला नाश्ता. साडेबाराला जेवण. दीड ते सव्वादोन पडायचं. चारला चहा. साडेपाच ते साडेसहा तीन मैत्रिणींबरोबर चालायला. रात्री साडेदहाला झोप.

आत्ताचा दिवस असा. सवयीने जाग साडेपाचलाच येते. साहेब साडेसातला उठतात. पावणेआठला पहिला चहा, साडेआठला पेपर वाचताना दुसरा. आता घाई नसल्यामुळे नाश्ता अंघोळीनंतर, दहाच्या पुढे आणि तोही गरम हवा. बाई त्यांना वाढून मग स्वतः खायला बसतात, म्हणजे सव्वादहा झालेले असतात. गोळीचा गजर मात्र अजून आठलाच वाजतो आणि गोळी आठलाच घेतली जाते. जेवण दोनला. आवरून होईपर्यंत तीन वाजतात. मग जरा पडावं तर हॉलमध्ये टीव्हीवर बातम्या सुरू असतात. साडेपाचला साहेबांना चहाबरोबर काहीतरी खायला लागतं, त्यामुळे फिरायला जाणं बंद झालंय. साहेब दुपारी दोन तास झोपतात, म्हणून त्यांना रात्री साडेबारापर्यंत झोप येत नाही. टीव्ही चालू असतो आणि बाईही जाग्याच असतात. सकाळी पुन्हा साडेपाचला जाग.

आता यात आजार कुठे आहे ते पाहू.

ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न पडो वा न पडो, ते आपलं काम सुरू करतं. म्हणून ते दिवसाच्या पहिल्या मोठ्या खाण्याच्या थोडं आधी किंवा खाण्याबरोबर घ्यायचं असतं. गोळी आठला आणि खाणं सव्वादहाला म्हणजे मधे सव्वादोन तास शुगर खाली घसरत राहणार. मी बाईंना त्रास होईल त्याच वेळी ग्लुकोमीटरने शुगर बघायला सांगितली. तिसऱ्या दिवशी पावणेदहाला आकडा आला ६२. शुगर ७० च्या खाली गेली की तिला आपण हायपोग्लायसेमिया म्हणतो. घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक ही त्याची लक्षणं आहेत आणि चिडचिड हेही एक लक्षण आहे. ज्याला ते घर 'दहाचं भांडण' म्हणत होतं, त्यात शुगर उतरल्याचाही वाटा होता.

मग शुगर कमी होत असेल तर एचबीएवनसी वाढला कसा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. थरथर सुरू झाली की बाई डब्यातले दोन लाडू तोंडात टाकत आणि वर नाश्ताही करत. संध्याकाळी नवऱ्याबरोबर भजी किंवा फरसाण. चालणं शून्य. झोप पाच तास. घसरलेली शुगर थोडा वेळ खाली आणि नंतर बराच वेळ वर राहायची. सरासरी वाढणारच.

बीपीचंही असंच. अपुरी झोप, बंद झालेला व्यायाम आणि दिवसभर मनावर राहणारा ताण ही बीपी वाढण्याची तीन चांगली ओळखीची कारणं आहेत. दवाखान्यातल्या एका आकड्यावर मी सहसा निर्णय घेत नाही. घरी सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, पाच मिनिटं शांत बसून, एक-दोन मिनिटांच्या अंतराने बीपी मोजायचं. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ च्या वर असेल तर बीपी वाढलेलं समजायचं. या बाईंची सरासरी आली १४६/९०. वाढ खरी होती. पण ती पाच महिन्यांतली होती आणि त्या पाच महिन्यांत काय काय बदललं ते समोर कागदावर दिसत होतं.

वेळापत्रक कोणी बदलायचं?

इथे माझं मत अनेकांना रुचत नाही. जो नव्याने दिवसभर घरात राहायला आला आहे, त्याने घरात आधीपासून चालू असलेल्या वेळापत्रकात आपली जागा शोधावी. आधीपासून घरात असलेल्या माणसाने आपला दिवस मोडून त्याच्याभोवती नवीन दिवस रचू नये.

कारण सरळ आहे. त्या गृहस्थांसाठी घर म्हणजे रात्र आणि सुट्टीचा दिवस. बाईंसाठी तेच घर आठवड्यातले पाच दिवस, रोज बारा तास, त्यांची कामाची आणि विसाव्याची जागा होतं. म्हणजे आठवड्याला साठ तास. त्या साठ तासांत त्यांनी आपला आजार सांभाळायची एक घडी बसवली होती. वेळेवर गोळी, वेळेवर खाणं, दुपारची पाठ टेकणं, संध्याकाळचं चालणं. कोणी मुद्दाम आखलेली नसली तरी ती उत्तम औषधयोजना होती. नवऱ्याने एका शब्दानेही 'हे बंद कर' म्हटलं नव्हतं. फक्त त्याला चहा हवा होता, नाश्ता गरम हवा होता, सोबत हवी होती. एकेक मागणी छोटी, पण सगळ्या मिळून तिच्या दिवसात तिचं काहीच उरलं नाही.

"पस्तीस वर्षं धावपळ केली, आता जरा आराम नको का?" असं पुरुष म्हणतात. हवाच. पण घरातल्या बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी निवृत्तीचा कागद देत नाही. तिच्याकडे आणखी दोन चहा, एक जादा गरम नाश्ता आणि संध्याकाळचं खाणं एवढं नवीन काम येतं आणि ते तिच्या चालण्याच्या नि झोपेच्या वेळेतून वसूल होतं.

पुढच्या वेळी मी दोघांना बरोबर बोलावलं. गृहस्थ समजूतदार होते, पण दुखावलेलेही होते. "म्हणजे मी घरात बसायचंच नाही का डॉक्टर?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांचंही बरंच काही गेलं होतं. ऑफिसात त्यांचं टेबल होतं, खुर्ची होती, विचारायला येणारी माणसं होती. घरात त्यांची म्हणावी अशी एक खुर्चीही नव्हती. स्टेशनपर्यंतचं रोजचं चालणं संपलं होतं, वजन चार किलोने वाढलं होतं. करायला काही नसल्यामुळे ते बाईंच्या मागे स्वयंपाकघरात जाऊन बसत. भाजी एवढी का आणलीस, डाळीचा डबा इथे का, फोन कोणाचा होता, असे प्रश्न विचारत. त्यांच्या दृष्टीने या गप्पा होत्या. बाईंना ती तपासणी वाटत होती.

आम्ही तिघांनी मिळून चारच गोष्टी ठरवल्या.

पहिली, सकाळची. नाश्ता एकदाच होईल आणि सव्वाआठला होईल. बाई गोळी घेऊन लगेच खातील. गृहस्थांना उशिरा खायचं असेल तर झाकून ठेवलेलं ते स्वतः गरम करून घेतील. सकाळचा चहा मात्र त्यांनी करायचा, बाईंचाही.

दुसरी, दुपारची. दीड ते तीन हॉलमधला टीव्ही बंद. गृहस्थांनी हवं तर आतल्या खोलीत वाचावं, फोनवर काही बघायचं तर हेडफोन लावून. आतल्या खोलीत खिडकीशी एक टेबल-खुर्ची ठेवायची, ती त्यांची. तिथे बाई आवराआवर करणार नाहीत. त्यांची दुपारची झोप गजर लावून अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत. दुपारी दोन तास झोपल्यावर रात्री वेळेवर झोप येत नाही. त्याला निद्रानाश समजून झोपेची गोळी मागणारे पुष्कळ आहेत.

तिसरी, चालण्याची. साडेपाच ते साडेसहा हा वेळ बाईंचा आणि त्यांच्या मैत्रिणींचा. गृहस्थांनी सकाळी पावणेसातला चाळीस मिनिटं चालायचं, तेही जमलं तर एखाद्या मित्राबरोबर. "आम्ही दोघं बरोबर का नाही जायचं?" असं त्यांनी विचारलं. रविवारी जरूर जा, मी म्हटलं. पण बाईंना मैत्रिणींशी जे बोलायचं असतं ते तुमच्यासमोर बोलता येत नाही आणि तेही औषधच आहे.

चौथी, रात्रीची. साडेदहाला टीव्ही बंद. झोप आली नाही तरी दिवे बंद.

पहिले दोन आठवडे अवघड गेले. चहात साखर जास्त पडली, दूध उतू गेलं, दुपारी एकदा टीव्हीवरून अबोलाही झाला. हे होणारच. नवीन घडी बसायला चार ते सहा आठवडे धरावेत. सहा आठवड्यांनी बाईंची घरच्या बीपीची सरासरी १३२/८२ आली. ७० खालचा शुगरचा आकडा एकदाही नव्हता. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.३ झाला. एकही गोळी वाढवली नव्हती.

हा हिशेब प्रत्येक घरात असाच सुटेल असं नाही. बीपी वयाबरोबरही वाढतं, मिठाने वाढतं, किडनीच्या आजाराने वाढतं, दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही वाढतं. ते बीपी १८० च्या जवळ असतं किंवा सोबत काही गंभीर लक्षण असतं, तर मी एक दिवसही न थांबता औषध वाढवलं असतं. वेळापत्रक नीट करूनही घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली असती, तरीही वाढवलं असतं. तसंच, हे वाचून कोणीही आपल्या गोळीची वेळ परस्पर बदलू नका. डॉक्टरांकडे जाताना दिवसाचं वेळापत्रक मात्र लिहून न्या. शुगर ७० खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग नीट खा. असं एकदा जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

'मदत' नको, काम घ्या

"मी हिला मदत करतो ना," असं बहुतेक निवृत्त गृहस्थ सांगतात आणि ते खरंही असतं. पण मदत म्हणजे तिने आठवण करायची, सांगायचं, कसं करायचं ते दाखवायचं आणि झाल्यावर नीट झालंय का ते बघायचं. हात त्यांचे चालतात, डोकं तिचंच चालतं. त्यामुळे तिचा थकवा कमी होत नाही.

म्हणून एखादं काम पूर्ण घ्यावं. भाजी घेतली असेल तर फ्रीजमध्ये काय आहे ते बघण्यापासून आणून, निवडून, जागेवर ठेवण्यापर्यंत. सकाळचा चहा घेतला असेल तर दूध तापवणं आणि गाळणी धुणंही त्यातच आलं. स्वतःच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरणं हे तर प्रत्येकाने स्वतःच करावं. अशी दोन-तीन कामं पुरेत. बाईंनीही मग त्यात बोट घालू नये. भेंडी जून आली तर एक दिवस जून भेंडी खावी.

जे काम आपल्याकडे नाही, त्यात सुधारणा सुचवू नयेत. निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे नव्या पद्धतीने लावून देणारे गृहस्थ मला अनेक भेटले आहेत. हेतू चांगला असतो. पण तीस वर्षं न बघता हाताला लागणारा जिऱ्याचा डबा सापडला नाही की बाईंना आपल्याच घरात पाहुणं झाल्यासारखं वाटतं.

दोघंही नोकरी करणारे असतील आणि थोड्या अंतराने निवृत्त झाले असतील तर चित्र जरा वेगळं असतं. तिथे दुपारच्या घराची सवय कोणालाच नसते. नोकरी असेपर्यंत पोळ्या-स्वयंपाकाला बाई असते, ती 'आता आपण घरीच आहोत' म्हणून पैसे वाचवायला बंद करतात आणि ते सगळं काम गुपचूप एकीच्याच अंगावर येतं. माझा सल्ला असा की निवृत्तीनंतर निदान सहा महिने कामाच्या बाई बंद करू नका. कोण काय करणार हे ठरल्यावर मग निर्णय घ्या.

ज्यांची निवृत्ती अजून वर्षभर लांब आहे, त्यांनी एक प्रयोग करून बघावा. बहुतेक जण रजा साठवून शेवटी तिचे पैसे घेतात. त्यातले पंधरा दिवस खर्च करा आणि कुठेही गावाला न जाता घरीच राहा. तुमची बायको अकरा वाजता काय करते, दुपारी किती वाजता पडते, कोणाशी फोनवर बोलते, हे टोकाटोकी न करता बघा.

टीव्हीचा आवाज आणि कान

दुपारच्या टीव्हीवरून होणाऱ्या भांडणात एक वेगळी शक्यता नेहमी तपासावी, ती म्हणजे ऐकू कमी येण्याची. वयाबरोबर येणारा बहिरेपणा हळूहळू येतो आणि आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं निसटतात. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज पुरुषांच्या आवाजापेक्षा कमी समजतो. अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. म्हणून तो टीव्ही मोठा करतो, तरी त्याला आपण बहिरे आहोत असं वाटत नाही.

नोकरीच्या काळात हे झाकलेलं राहतं, कारण नवरा-बायको दिवसातून दोन तासच बोलतात. निवृत्तीनंतर दिवसभर बोलण्याची वेळ येते आणि मग "हे मुद्दाम लक्ष देत नाहीत" आणि "ही सारखी पुटपुटते" अशा तक्रारी सुरू होतात. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्याकडे पाठ असताना किंवा नळ चालू असताना बोललेलं कळत नाही, पण समोर बसून बोललेलं कळतं, असं असेल तर कान तपासून घ्या. कधी नुसता मळ निघतो आणि प्रश्न मिटतो. नाहीतर कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री नावाची साधी तपासणी होते, तीत दुखत-खुपत काही नाही. मशिन लागलं तर चष्म्यासारखं लावावं. ते न लावून भांडणं चालू ठेवण्यात शहाणपण नाही.

जे वेळापत्रकाने सुटणार नाही

वेळापत्रक ही सगळ्या घरांची गुरुकिल्ली नाही. तीन गोष्टींत वाट बघू नये.

निवृत्त झालेला माणूस सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, भूक गेली असेल तर ते नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून, गप्प बसण्यातून किंवा वाढलेल्या दारूतून दिसतं. हेच बाईंनाही होऊ शकतं. थायरॉईड, बी१२ आणि हिमोग्लोबिन तपासावं आणि उपचार घ्यावेत. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

दुसरी गोष्ट विसरण्याची. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांच्या व्यवहारात नव्याने गोंधळ होणं, स्वभाव एकदम पालटणं. 'घरी बसून डोकं गंजलं' असं म्हणून हे सोडून देऊ नका. ऑफिसच्या ठरावीक कामात झाकलेली स्मरणशक्तीची अडचण निवृत्तीनंतर उघडी पडू शकते.

तिसरी, अंगावर हात उचलणं, पैसे अडवणं, बाहेर जायला किंवा फोनवर बोलायला बंदी घालणं. याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. वय कितीही असो, बाईंनी १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागावी.

या तीन गोष्टी नसतील तर औषध वाढवायला जाण्याआधी एक कागद घ्या. मधे उभी रेघ मारा. डावीकडे निवृत्तीआधीच्या साध्या दिवसाच्या वेळा लिहा, उजवीकडे आत्ताच्या. उठणं, गोळ्या, नाश्ता, जेवण, दुपारची विश्रांती, चालणं, झोप. दोघांनी आपापला कागद वेगळा लिहावा आणि मग एकमेकांना दाखवावा. दोघांचे कागद जिथे जुळत नाहीत, तिथून बोलायला सुरुवात करा आणि पुढच्या भेटीला ते दोन्ही कागद रिपोर्टच्या फाइलमध्ये घालून आणा.